डिस्चार्ज रॉड

प्रधान तंत्रज्ञ म्हणून माझी पदोन्नती झाल्याची ऑर्डर गेल्या आठवड्यात निघाली. अशी ऑर्डर म्हणजे एक लांबलचक यादी असते. आमचे लोक तिच्यात आधी स्वतःचं नाव शोधतात आणि लगेच नावासमोरचं गाव. घरात आईवडील थकलेले, पोरं दहावी-बारावीला, आणि गाव आलं दोन तालुके पलीकडचं, तर चांगला कामाचा माणूससुद्धा प्रमोशन नाकारतो आणि वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणूनच रिटायर होतो. त्यात कमीपणा काही नाही. माझ्या नावासमोर शेजारचीच शाखा आली, म्हणून मी घेतलं. पगारातला फरक पेढे वाटून झाल्यावर थोडाफार उरेल, एवढा आहे.

मी सांगायच्या आधीच कुणीतरी ऑर्डरचा फोटो शाखेच्या ग्रुपवर टाकला होता. अंगठे, पुष्पगुच्छ, ‘पार्टी कधी’ असं सगळं सुरू झालं. आता आपण दोन ओळी लिहिणं भाग होतं. बायको म्हणाली, “‘आपणा सर्वांच्या सहकार्याने व आशीर्वादाने’ असं लिहा आणि मोकळे व्हा. सगळे तेच लिहितात.” खरं आहे तिचं. बँकेत, शाळेत, तहसील कचेरीत कुणालाही बढती मिळाली की हेच वाक्य येतं आणि ते कुणी वाचत नाही. मला मात्र ते तसं सोडून देववेना. आमच्या कामात सहकार्य हे बोट ठेवून दाखवता येतं. कुणी काय केलं आणि ते केलं नसतं तर मी आज कुठे असतो, हे नावानिशी सांगता येतं. ‘मी एकट्यानं केलं’ असं म्हणणारा वायरमन एक तर खोटं बोलत असतो, नाहीतर परमिट न घेता पोलवर चढत असतो.

मी शेवटी काय लिहिलं ते सांगतो, पण ते ज्या वस्तूवरून सुचलं ती आधी सांगायला हवी.

आयटीआय करून मी अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या खांद्यावर डिस्चार्ज रॉडचा जुडगा आला. तीन दांडे, प्रत्येकाच्या टोकाला तारेत अडकवायचा आकडा, आकड्यापासून निघालेली तांब्याची लवचीक केबल, आणि तिन्ही केबली जिथे एकत्र येतात तिथे जमिनीत ठोकायचा खिळा. लाईन बंद केली की खिळा जमिनीत ठोकायचा आणि तीन आकडे तीन तारांवर अडकवायचे. म्हणजे तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या जातात. मग कुठूनही, कुणाच्याही चुकीनं त्या तारेत वीज आली तर ती रॉडमधून जमिनीत जाते आणि सबस्टेशनात ब्रेकर पडतो. पोलवरचा माणूस वाचतो. उपकरण म्हणून याच्यात दाखवण्यासारखं काही नाही. फिरणारा भाग नाही, काटा नाही, दिवा नाही.

मला हे शिकवलं ते नानांनी. नाना साखळीच्या काळातले. तेव्हा रॉड सगळीकडे नव्हते. लाईन बंद केली की खालून लोखंडी साखळी तारांवर फेकायची आणि ती धड अडकली का हे मान वर करून बघायचं. त्यामुळे नानांना रॉडचं फार कौतुक. “आधी जमीन, मग तार. काढताना आधी तार, मग जमीन,” हे ते रोज म्हणायचे आणि आम्ही पोरं मनातल्या मनात हसायचो. त्यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पोलखाली विडी पेटवता पेटवता. खिळा जमिनीत नसताना आकडा तारेला लावलास आणि तार जिवंत निघाली, तर मोकळी केबल आणि खिळा दोन्ही जिवंत होतील, आणि ते नेमके तुझ्या हातात असतील. काढतानाही तेच. जमीन आधी सोडलीस की तू तारेला जोडलेला राहतोस.

आम्ही विचारायचो, लाईन बंद केली आहे, एबी स्विच स्वतः खाली ओढला आहे, मग तार जिवंत कशी निघेल? नाना काही न बोलता बॅटरी स्विचवर मारायचे. एबी स्विचचं हँडल खाली असतं आणि पाती वर, पोलच्या डोक्यावर. हँडल ओढलं की तिन्ही पाती एकदम उघडायला हवीत. पण खाऱ्या हवेनं गंजलेल्या स्विचमध्ये दोन उघडतात आणि एक चिकटून राहतं. हँडल पूर्ण खाली आलेलं असतं, माणूस निश्चिंत होतो, आणि एक तार जिवंतच असते. म्हणून वर बघायचं, पाती मोजायची, हँडलला कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, व्होल्टेज डिटेक्टरनं तार तपासायची आणि तरीही रॉड लावायचा, तोही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. कारण तारेला दोन टोकं असतात. गावातला एखादा हौशी पोरगा काठीनं डीओ फ्यूज टाकून लाईट आणतो, तो कोणत्या टोकाला उभा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

नाना रिटायर झाले तेव्हा मी विद्युत सहायकाचा तंत्रज्ञ झालो होतो. त्यांच्या जागी मी रॉड लावू लागलो आणि माझ्या जागी दुसरं कुणीतरी रॉड वाहू लागलं. बांबूचे दांडे जाऊन फायबरचे आले. वजन कमी झालं, बाकी काही बदललं नाही.

त्यानंतरची एक जुलैची रात्र. अकरा केव्हीचा फीडर ट्रिप झाला होता. सबस्टेशनात रिलेनं अर्थ फॉल्ट दाखवला होता, म्हणजे कुठेतरी तार जमिनीशी बोलत होती. असा फॉल्ट शोधायची रीत साधी आहे, फक्त पायपीट फार. फीडरच्या मधला एबी स्विच उघडायचा आणि सबस्टेशनातून चार्ज करायला सांगायचं. लाईन टिकली तर अलीकडचा भाग चांगला, दोष पलीकडे. नाही टिकली तर दोष अलीकडे. असं अर्ध्याचं अर्धं करत जायचं आणि उरलेला भाग चालत, पोल अन् पोल बघत काढायचा. त्या रात्री दोन ठिकाणी काम निघालं. एका फाट्यावर आंब्याची फांदी तारेवर टेकली होती, तिथे एक गँग गेली. दुसऱ्या फाट्यावर, ओढ्यापलीकडे, डिस्क इन्सुलेटरला काळा पट्टा पडलेला मला बॅटरीत दिसला. चीर गेली होती. मी आणि माझा जोडीदार तिकडे.

दोन गँग, म्हणून एकाच फीडरवर दोन परमिट. परमिट म्हणजे सबस्टेशनातल्या यंत्रचालकानं लाईन बंद करून, तिकडे अर्थिंग करून, ब्रेकरच्या पॅनलवर ‘माणसं काम करत आहेत’ची पाटी अडकवून आपल्याला दिलेला नंबर. नंबर तो सांगतो, आपण परत म्हणून दाखवतो, तो वेळेसकट लॉगबुकात लिहितो. काम संपलं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. त्याच्या साहेबानं नव्हे, जोडीदारानं नव्हे.

फांदीवाली गँग लवकर मोकळी झाली, तिनं परमिट परत केलं आणि गाडी घेऊन गावातून गेली. लोकांनी गाडी जाताना पाहिली. झालं. सबस्टेशनचा फोन वाजायला लागला. वायरमन निघून गेले, लाईट का सोडत नाही? दवाखान्यातून फोन, हॉटेलवाल्याचा फोन, सरपंचांचा फोन. मग कुणीतरी अगदी ठामपणे सांगितलं की दुसरी गँगही चहाच्या टपरीवर बसली आहे, मी स्वतः पाहिलं. आम्ही तेव्हा ओढ्यापलीकडे पोलवर होतो आणि तिथे मोबाईलला रेंज नव्हती. भिजलेल्या डिस्कची पिन निघत नव्हती, म्हणून काम लांबलं.

यंत्रचालकानं शिव्या खाल्ल्या. एकेकाला तो तेच उत्तर देत होता, एक परमिट बाहेर आहे. त्याला साहेब व्हायची हौस नव्हती, भांडायचीही नव्हती. आवाज बारीक, स्वभाव भिडस्त. दोन गँगा आहेत, एक परत आली, दुसरीचा फोन लागत नाही, आणि अख्खं गाव सांगतंय की काम संपलं. अशा वेळी बटन दाबायला फार मोठी चूक करावी लागत नाही. थोडी भीड पुरते. आम्ही उतरलो, रॉड काढले, ओढा ओलांडून रस्त्यावर आलो तेव्हा रेंज आली. मी नंबर सांगितला, माणसं उतरली, रॉड निघाले म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “परत एकदा नंबर सांग.” मी सांगितला. मग तो म्हणाला, “ठीक. चार्ज करतो.” बस. मागच्या तासाभरात काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी टपरीवर कळलं, त्याच्याकडून नाही.

आमचे दोन्ही बाजूंचे रॉड लावलेले होते, त्यामुळे त्यानं लाईन सोडली असती तरी बहुतेक ब्रेकर पडला असता आणि आम्ही वाचलो असतो. हे ‘बहुतेक’ माझ्या डोक्यातून जात नाही. रॉडचा आकडा गंजलेल्या तारेवर नीट बसलेला असेल तर, खिळा खडकावर टेकून न राहता मातीत गेलेला असेल तर. कोकणात जांभा फुटभरावर लागतो. अशा ठिकाणी रॉडवर भरवसा ठेवावाच लागतो, पण त्याच्याआधी एक माणूस असतो आणि तो भिडेला बळी पडला नाही, म्हणून रॉडची परीक्षा झाली नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्याबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ येऊन गेलंय, म्हणून मी थोडक्यात सांगतो. पोल इतके पडले की आम्हाला ओळखीच्या रस्त्यावर लाईन कुठून जात होती हे आठवेना. करोनाचे दिवस, टाळेबंदी, आणि घाटावरून आलेल्या गँगा शाळांत मुक्कामाला. त्यांना आमची लाईन ठाऊक नव्हती आणि आम्हाला त्यांची माणसं. भाताच्या खाचरात क्रेन जात नाही. नऊ मीटरचा सिमेंटचा पोल गावकऱ्यांनी खांद्यावर घेऊन बांधावरून नेला. त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे दीड मीटर, जमिनीत जायला हवा, आणि दीड मीटर जांभा पहारीनं फोडायला तरण्या पोरांचाही घाम निघतो. खड्डा कमी पडला तर पोल उभा राहतो, फोटोही छान येतो आणि पुढच्या पावसात तो कलतो. घाटावरच्या गँगेचा म्होरक्या पट्टीनं खड्डा मोजल्याशिवाय पोल सोडू देत नव्हता. लोक अंधारात बसलेले, सगळ्यांना घाई, आणि हा काठी खड्ड्यात घालून बघतोय. तेव्हा आम्हाला राग यायचा. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या हातचे पोल जिथल्या तिथे होते.

आमच्या शाखेची एक पद्धत त्या दिवसांत पडली, ती त्याचीच. संध्याकाळी लाईन चार्ज करण्याआधी माणसं मोजायची आणि मग रॉड मोजायचे. चार गँगांचे रॉड एकाच फीडरवर पसरलेले असत. एखादा तारेवर राहून गेला की चार्ज करताक्षणी मोठा आवाज, ब्रेकर पडणार, आणि सगळ्या गँगांची अर्धी रात्र तो एक रॉड शोधण्यात जाणार. रॉड राहिला तर निदान आवाज होतो, माणूस राहिला तर काय, असं तो म्हणायचा. म्हणून आधी माणसं.

आता शेवटची गोष्ट, गेल्या गणपतीतली. संध्याकाळी एका वाडीवर माडाचा झाप पडून एलटीची तार तुटली होती. डीपीवर जाऊन डीओ उतरवले, तार तपासली, मेलेली होती. आमच्या शाखेत नवी लागलेली विद्युत सहायक मुलगी बरोबर होती. तिनं डीपीच्या बाजूला रॉड लावला आणि दुसरा घेऊन तारेच्या पलीकडच्या टोकाला निघाली. घरं मोजून चार. अंधार पडत होता, आरतीची वेळ, लोक म्हणत होते की ताई, लाईन तर बंदच आहे, पाच मिनिटांचं काम. ती मला “दादा, लावून येते” म्हणाली आणि गेली. मी बेल्ट बांधून चढलो, तार ओढायला घेतली, आणि खालच्या घराच्या पडवीतून जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला. दोन सेकंद चालला, कण्हला आणि धप्प करून बंद पडला.

घरमालक तणतणत बाहेर आले. तुमच्या बाईनं काहीतरी लावलं आणि माझा जनरेटर बिघडला. आम्ही जाऊन पाहिलं. जनरेटरची केबल थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली होती. दोन्ही टोकांना पिनटॉप असलेली केबल, बाजारात कुणीतरी बनवून दिलेली. मेन स्विच चालूच. म्हणजे जनरेटरची वीज घरातून मीटरमार्गे उलटी आमच्या तारेवर आली होती, मी हातात धरलेल्या तारेवर. ती तिच्या रॉडमधून जमिनीत गेली आणि जनरेटर गुदमरला.

एरवी असा छोटा जनरेटर फार वेळ टिकत नाही, कारण सगळ्या वाडीचा भार त्याच्यावर पडतो आणि तो बंद पडतो. पण तार तुटून चारच घरं एका बाजूला राहिली असतील, त्यातली दोन मुंबईकरांची कुलूपबंद असतील, तर तो मजेत चालतो. आणि तार डीपीला जोडलेलीच असेल तर आणखी वाईट. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही. तो अकरा हजार व्होल्टचे चारशे तेहतीस करतो, तसाच घरातल्या दोनशे तीसवरून पलीकडे दहा हजारांच्या घरात नेतो. मग दोन किलोमीटरवर, परमिट घेऊन, एबी स्विचला कुलूप लावून अकरा केव्हीच्या तारेवर काम करणाऱ्या माणसाला वीज लागते, आणि सबस्टेशनचं लॉगबुक म्हणतं की लाईन बंद होती. छतावरच्या सोलरची भीती लोक उगाच घेतात. ग्रिडला जोडलेला चांगला इन्व्हर्टर बाहेरची लाईट गेली की स्वतःच बंद होतो. पिनटॉपच्या केबलीला एवढी अक्कल नसते.

त्या मुलीनं त्या दिवशी वेगळं काही केलं नाही. नियम होता, तिनं पाळला. तिला मी शाबासकी दिली तेव्हा ती जरा गोंधळली, कारण तिच्या मते शाबासकीसारखं काही घडलंच नव्हतं. मला ते फार आवडलं.

तर मी ग्रुपवर जे लिहिलं ते हे. ‘माझी प्रधान तंत्रज्ञ म्हणून पदोन्नती झाली. आभार मानतो. “आधी जमीन” शिकवणाऱ्या नानांचे. परमिट परत येईपर्यंत लाईन न सोडणाऱ्या यंत्रचालकांचे. घाटावरून येऊन आमचे खड्डे मोजणाऱ्या गँगेचे. पोल खांद्यावर वाहणाऱ्या गावकऱ्यांचे. आणि चार घरांसाठी दुसरा रॉड लावायला गेलेल्या आमच्या सहायक ताईंचे. यातलं कुणी एक नसतं तर ही ऑर्डर दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं निघाली असती.’

यंत्रचालकानं फक्त हात जोडले. तो अजून त्याच पाळीत आहे. सहायक मुलीनं लिहिलं, दादा, रॉडचा एक आकडा सैल झालाय, जाण्याआधी नवा मागवून द्या. साहेबांनी त्यावर ‘उद्या मिळेल’ असं लिहिलं आणि खरोखर मिळाला. नानांना मोबाईलवर वाचता येत नाही, म्हणून पेढे घेऊन गेलो तेव्हा तोंडी सांगितलं. त्यांनी विचारलं, नव्या शाखेत रॉड किती आहेत? मी म्हटलं, अजून मोजले नाहीत. ते म्हणाले, चार्ज घेताना सहीच्या आधी मोज. मी मोजले. झुले, हँडग्लोव्ज आणि हेल्मेट यांच्या खाली यादीत लिहिले होते तेवढेच निघाले. एकाची केबल मधूनच जोडलेली होती, ती बदलायला दिली आहे.

आता माझं काम बदललं. मी चढेन कमी, पाठवेन जास्त. परमिट माझ्या पोरांच्या नावावर जाईल आणि संध्याकाळी माणसं मोजायची पाळी माझी असेल. म्हणून वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी, दुकानात किंवा मंडळाच्या मांडवात जनरेटर असेल तर तो सॉकेटमधून घरात सोडू नका. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. खर्च जनरेटरच्या मानानं किरकोळ आहे. तो बसेपर्यंत जनरेटर लावण्याआधी मेन स्विच बंद करा आणि मगच दोरी ओढा.